व्याख्यान : अनुभवाची पाटी कोरी असताना इंटर्नशिपसाठी लिहायची ई-मेल

(विचुंबे, पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय ऐकायला छोटा आहे. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी इंटर्नशिपसाठी कंपनीला ई-मेल करतो, तेव्हा त्या मेलमध्ये रेझ्युमे जोडण्याआधी जी पंधरा-वीस ओळींची मजकुराची जागा असते, तिथे काय लिहायचं, एवढंच आज आपण बघणार आहोत. रेझ्युमे, इंटरव्ह्यू, हे विषय आज बाजूला ठेवू.

हा विषय विचुंब्यात घ्यायला एक कारण आहे. इथून नवीन पनवेलचं पिल्लई कॉलेज जवळ आहे, कळसेकर टेक्निकल कॅम्पस जवळ आहे. आणि दुसऱ्या बाजूला तळोजा एमआयडीसी आहे, रसायनी-पाताळगंगा आहे, उरणकडे न्हावा-शेवा बंदर आहे. म्हणजे शिकणारी मुलं आणि कारखाने एकाच तालुक्यात, फार तर शेजारच्या तालुक्यात. तरी दरवर्षी उन्हाळ्यात काय होतं? अभ्यासक्रमात इंटर्नशिपचे तास भरायचे असतात, मुलं शंभर मेल करतात, उत्तर एकाचंही येत नाही, आणि शेवटी कुठेतरी पैसे भरून सर्टिफिकेट आणलं जातं. चार आठवडे गेले, पैसेही गेले, आणि कारखान्याचं गेट आतून बघायचं राहिलंच. ह्यातला बराचसा भाग त्या पंधरा ओळींवर अवलंबून असतो, असं आमचं निरीक्षण आहे.

आधी नेहमीची मेल वाचू

बहुतेक मेल साधारण अशी असते :

> आदरणीय महोदय / महोदया,
> मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. आपल्या नामांकित कंपनीत इंटर्नशिप करण्याची माझी इच्छा आहे. मला कामाचा अनुभव नसला तरी मी मेहनती असून लवकर शिकणारा आहे. ह्या संधीमुळे माझ्या ज्ञानात भर पडेल. सोबत रेझ्युमे जोडला आहे. कृपया संधी द्यावी, ही नम्र विनंती.

भाषा नम्र आहे, व्याकरण ठीक आहे. तरी तिला उत्तर येत नाही. का येत नाही, हे समजून घ्यायला आपण खुर्चीच्या पलीकडे बसू. समजा तळोज्यात साठ-सत्तर माणसांचा एक कारखाना आहे. शेल-अँड-ट्यूब हीट एक्स्चेंजर बनवतात. म्हणजे पोलादी प्लेट गोल वळवून त्याचा नळकांडीसारखा शेल करायचा, आत नळ्यांचा जुडगा बसवायचा, वेल्डिंग, तपासणी, प्रेशर टेस्ट. तिथला प्रॉडक्शन किंवा क्वालिटीचा प्रमुख ही मेल मोबाईलवर, चहाच्या वेळेत उघडतो. त्याच्या डोक्यात चार प्रश्न असतात.

पहिला : हा मुलगा कधी येणार आणि किती दिवस राहणार? दुसरा : त्याला काय काम देऊ? कारण काम दिलं नाही तर तो कोपऱ्यात उभा राहणार आणि क्रेनखाली उभ्या राहणाऱ्या नवख्या माणसाची काळजी मलाच. तिसरा : त्याला काही तरी येतं का, म्हणजे व्हर्नियर हातात दिला तर वाचता येईल का? चौथा : कागदपत्रांचं काय, कॉलेजचं पत्र आहे का, उद्या काही लागलं-खुपलं तर?

आता वरची मेल पुन्हा वाचा. चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. 'मेहनती' आणि 'लवकर शिकणारा' हे शब्द तपासता येत नाहीत, म्हणून वाचणाऱ्याचे डोळे त्यांच्यावरून घसरून जातात. आणि 'अनुभव नसला तरी' ह्या वाक्याचा तर तोटाच आहे. दुसऱ्या वर्षातला म्हटल्यावर अनुभव नाही हे समोरच्याला कळलेलंच असतं. त्याने मागितलेलाही नसतो.

एक सोपी चाचणी सांगतो. मेलमधलं कंपनीचं नाव खोडा आणि ती मेल एखाद्या बँकेला पाठवून चालते का ते बघा. चालत असेल, तर ती मेल कुणालाच लिहिलेली नाही.

अनुभव नाही, मग पुरावा कुठून आणायचा?

इथे एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. सन 1812. लंडनमध्ये मायकेल फॅरडे नावाचा तरुण पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. कॉलेज नाही, प्रयोगशाळेचा अनुभव नाही. त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना काम मागणारं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याच वर्षी त्याने हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्यानं ऐकली होती. त्यांची टिपणं त्याने आकृत्यांसह स्वच्छ लिहून काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि वर्षअखेरीस पत्रासोबत डेव्हींना पाठवली. ह्या वेळी उत्तर आलं, डिसेंबरातच. जागा लगेच नव्हती. पण मार्च 1813 मध्ये जागा रिकामी झाली तेव्हा डेव्हींनी त्यालाच बोलावलं.

दोन्ही पत्रांच्या वेळी फॅरडेचा अनुभव तेवढाच होता, म्हणजे शून्य. फरक दोन गोष्टींचा. दुसरं पत्र ज्या माणसाला गेलं, त्याच्याच कामाशी ते जोडलेलं होतं. आणि सोबत अशी वस्तू होती जी उघडून बघता येत होती : हा मुलगा नीट ऐकतो, नीट लिहितो, नीट आकृती काढतो.

दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याकडे अशी वस्तू असते का? असते. फक्त त्याला ती 'अभ्यास' वाटते. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात साधारणपणे मटेरियल टेस्टिंगची लॅब असते, मशीन शॉपचं प्रॅक्टिकल असतं, कॅड मॉडेलिंग असतं आणि मिनी प्रोजेक्ट असतो. आपण ह्यातल्या दोनच गोष्टी घेऊ आणि त्यातून मेलची वाक्यं कशी तयार होतात ते पाहू.

पहिली, मटेरियल टेस्टिंग लॅब. तिथे माइल्ड स्टीलचा तुकडा मशीनमध्ये ओढून तोडतात आणि तीन आकडे काढतात : तो कुठल्या ताणाला कायमचा वाकू लागला, म्हणजे यील्ड, जास्तीत जास्त किती ताण सोसला, म्हणजे अल्टिमेट, आणि तुटेपर्यंत किती टक्के लांबला, म्हणजे इलाँगेशन. विद्यार्थी हे जर्नलमध्ये लिहितो आणि विसरतो. आता कारखान्यात चला. तिथे प्रत्येक पोलादी प्लेटसोबत मिल टेस्ट सर्टिफिकेट येतं, त्याला सगळे एमटीसी म्हणतात. त्यावर मुख्य आकडे कुठले? रासायनिक घटक, आणि हेच तीन : यील्ड, अल्टिमेट, इलाँगेशन. प्लेटवर एक हीट नंबर ठोकलेला असतो आणि तोच नंबर सर्टिफिकेटवर असतो. प्लेट कापली की तो नंबर दुसऱ्या तुकड्यावरही उतरवावा लागतो, नाहीतर कुठला तुकडा कुठल्या सर्टिफिकेटचा हे कळत नाही आणि तपासणीच्या वेळी माल अडकतो. नंबर आणि नोंदी जुळवत बसण्याचं हे काम वेळखाऊ आहे, धोकादायक नाही, आणि नवख्या पण नीटनेटक्या मुलाला देता येतं.

म्हणजे लॅबच्या जर्नलमधून कारखान्याच्या क्वालिटी विभागापर्यंत सरळ वाट आहे. मेलमध्ये ती वाट एका वाक्यात दाखवायची.

दुसरी, मिनी प्रोजेक्ट. उदाहरणासाठी असा प्रोजेक्ट धरू : लिफ्ट नसलेल्या इमारतीत पाण्याचा वीस लिटरचा जार वर नेणारी, जिना चढणारी ट्रॉली. तिला प्रत्येक बाजूला तीन-तीन चाकांचा त्रिकोणी संच असतो. चाक पायरीला अडलं की अख्खा त्रिकोण फिरतो आणि पुढचं चाक वरच्या पायरीवर पडतं. ह्या त्रिकोणाच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर पायरीच्या मापावरून ठरतं :

```
R = √((a² + b²) / 3)
```

इथे `a` म्हणजे पायरीची उंची आणि `b` म्हणजे पाय ठेवायची रुंदी. पायरी 170 मिमी उंच आणि 260 मिमी रुंद असेल तर `R` साधारण 179 मिमी येतं. आता हीच ट्रॉली शेजारच्या इमारतीत नेली, जिथे पायरी 150 मिमी उंच आणि 300 मिमी रुंद आहे. तिथे `R` लागतं 194 मिमी. पंधरा मिमीचा फरक. दर पायरीला चाक थोडं मागे पडत जातं आणि काही पायऱ्यांनंतर कडेवरून घसरतं.

बहुतेक विद्यार्थी रेझ्युमेत काय लिहितात? 'जिना चढणारी ट्रॉली यशस्वीरीत्या बनवली.' आणि घसरण्याची गोष्ट लपवतात. आमचं म्हणणं उलट आहे. कारखान्यातल्या माणसाला 'यशस्वीरीत्या' ह्या शब्दातून काही कळत नाही. पण 'दुसऱ्या जिन्यावर चाक घसरलं, माप घेतल्यावर पंधरा मिमीचा फरक सापडला' हे वाचलं की त्याला कळतं, ह्या मुलाने टेप हातात घेतली होती, बिघाड झाल्यावर कारण शोधलं होतं. त्याच्या शॉप फ्लोअरवर रोज हेच चालतं.

एक मर्यादा मात्र पाळायची. प्रोजेक्ट चार जणांचा असेल तर त्यात आपण काय केलं तेवढंच लिहायचं. फ्रेमचं वेल्डिंग मित्राने केलं असेल आणि मापं व ड्रॉइंग आपलं असेल, तर तसंच लिहा. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न वेल्डिंगचा आला तर खोटं दोन मिनिटांत उघडं पडतं.

आता मेल लिहू

ह्या सगळ्यातून तयार होणारी मेल बघा. कंपनी तीच, हीट एक्स्चेंजरवाली.

> विषय : जून इंटर्नशिप, 4 आठवडे, क्वालिटी विभाग – मेकॅनिकल दुसरे वर्ष, पनवेल
>
> (आडनाव) सर,
>
> मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. 1 ते 28 जून असे चार आठवडे आपल्या क्वालिटी विभागात इंटर्नशिप करता येईल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे. आपल्या वेबसाइटवर शेल-अँड-ट्यूब हीट एक्स्चेंजरची कामं पाहिली.
>
> मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये माइल्ड स्टीलची टेन्साइल टेस्ट केली आहे. त्यामुळे एमटीसीवरचे यील्ड, अल्टिमेट आणि इलाँगेशनचे आकडे मला वाचता येतात. मिनी प्रोजेक्टमध्ये जिना चढणारी ट्रॉली केली. मापं आणि ड्रॉइंग माझ्याकडे होतं. एका जिन्यावर ती चालली, दुसऱ्यावर चाक घसरलं. दोन्ही जिने मोजल्यावर चाकांच्या संचात 15 मिमीचा फरक सापडला. ड्रॉइंगचं एक पान जोडलं आहे. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वापरता येतो. कॅडमध्ये पार्ट आणि 2डी ड्रॉइंग करता येतं, असेंब्ली अजून शिकतो आहे.
>
> हीट नंबर आणि एमटीसीच्या नोंदी जुळवणं, इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये मापं भरणं किंवा जुनी ड्रॉइंग कॅडमध्ये घेणं, अशा कामात मी मदत करू शकेन. आपण सांगाल ते दुसरं कामही चालेल.
>
> मी विचुंब्यात राहतो, तळोज्याला रोज स्वतः येऊ शकतो. कॉलेजचं परवानगी पत्र मिळेल. सेफ्टी शूज माझे आहेत.
>
> आपल्याला सोयीचं असेल तर ह्या आठवड्यात दहा मिनिटं भेटायला येऊ शकतो.
>
> आपला,
> (नाव, कॉलेज, मोबाईल नंबर)

आता चार प्रश्न पुन्हा लावून बघू. कधी आणि किती दिवस, हे विषयाच्या ओळीतच आलं. मोबाईलवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून 'जून इंटर्नशिप, 4 आठवडे' आधी आणि बाकीचं नंतर. काय काम देऊ, ह्याचं उत्तर तिसऱ्या परिच्छेदात आहे, तीन कामं नावानिशी. ह्यातलं एकही वेल्डिंग किंवा क्रेनजवळचं नाही, हे मुद्दाम. काय येतं, ते दुसऱ्या परिच्छेदात, आणि जे येत नाही तेही, म्हणजे असेंब्ली. मर्यादा एकदा स्पष्ट लिहिली की बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. कागदपत्रं चौथ्या परिच्छेदात.

त्या परिच्छेदातलं 'विचुंब्यात राहतो' हे वाक्य मुलं लिहीतच नाहीत, कारण त्यांना ते साधं वाटतं. पण लांबून येणाऱ्या मुलाची राहण्याची सोय नसते, तो आठवड्यात कंटाळून जातो, हे कारखानदाराने पाहिलेलं असतं. जवळ राहणं ही इथल्या मुलांची खरी जमेची बाजू आहे.

आणि शेवटी मागणं किती लहान आहे बघा. 'संधी द्यावी' असं म्हटलं की समोरच्याला मोठा निर्णय घ्यावा लागतो, म्हणून तो पुढे ढकलतो. दहा मिनिटांच्या भेटीला 'या गुरुवारी' म्हणणं सोपं असतं.

पाठवताना होणारे घोटाळे

इथे फार वेळ घेत नाही, तीनच गोष्टी. एक, जोडलेली फाइल. रेझ्युमेची ड्राइव्ह लिंक पाठवली आणि परवानगी उघडी ठेवली नाही, तर समोरच्याला `Request access` असं दिसतं आणि तो मेल बंद करतो. म्हणून पीडीएफच जोडा, आणि फाइलचं नाव `resume_final_new2.pdf` असं न ठेवता स्वतःचं नाव आणि शाखा त्यात येऊ द्या. पाठवण्याआधी ती मेल स्वतःलाच पाठवून मोबाईलवर उघडून बघा.

दोन, पत्ता. मेल गेल्यावर काही मिनिटांत `Mail Delivery Subsystem` कडून उत्तर आलं, तर पत्ता चुकीचा आहे, मेल पोचलेली नाही. पुष्कळ मुलं हे उत्तर उघडतच नाहीत आणि 'कंपनीने उत्तर दिलं नाही' म्हणतात. शक्यतो `info@` ने सुरू होणाऱ्या पत्त्याऐवजी विभागाच्या माणसाचा पत्ता मिळवा. कंपनीच्या फोनवर विचारलं तर बहुतेक वेळा मिळतो.

तीन, वेळ. जूनची इंटर्नशिप हवी असेल तर मेल एप्रिलच्या मध्यापर्यंत जायला हवी. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहा. त्यानंतर एक फोन. मग थांबा आणि पुढच्या कंपनीकडे वळा. एकाच मेलमध्ये चाळीस कंपन्यांचे पत्ते टाकणं तर कधीच नको; पत्ते लपवले तरी मजकुरावरून ओळखू येतं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : मेल मराठीत लिहायची की इंग्रजीत?

उत्तर : बहुतेक कंपन्यांत इंग्रजीतच पाठवा. पण कच्चा खर्डा मराठीत करा. कारण थेट इंग्रजीत लिहायला बसलं की पाठ झालेली वाक्यं येतात, आणि ती वाक्यं काहीच सांगत नाहीत. मराठीत लिहिताना 'चाक घसरलं' असं खरं लिहिलं जातं. मग त्याच वाक्याचं साधं इंग्रजी करा. आज आपण नमुना मराठीत घेतला तो ह्याचसाठी.

प्रश्न : स्टायपेंड विचारायचा का?

उत्तर : पहिल्या मेलमध्ये नको. भेटीत, काम ठरल्यावर, सरळ विचारा : 'प्रवासखर्च किंवा स्टायपेंडची काही पद्धत आहे का?' ह्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र कंपनीच तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर ती इंटर्नशिप नव्हे, सर्टिफिकेटची विक्री आहे.

प्रश्न : आमचा मुलगा कॉम्प्युटर शाखेत आहे. त्याला हे कसं लागू होईल?

उत्तर : ढाचा तोच. कारखान्यांतही एक्सेलमधल्या नोंदी, स्टॉक, बारकोड अशी कामं असतात. त्याने लिहिलेला एखादा छोटा प्रोग्रॅम काय करतो, किती नोंदींवर चालवून पाहिला आणि कुठे अडला, हे लिहावं. 'पायथन येतं' एवढ्याने कळत नाही.

प्रश्न : मिनी प्रोजेक्ट सांगण्यासारखा झालाच नाही, तर?

उत्तर : मग लॅबचा एक प्रयोग घ्या, किंवा आज घरी जाऊन एक वस्तू मोजा. सायकलचा पेडल क्रँक, गॅसच्या शेगडीचा नॉब, काहीही. व्हर्नियरने मापं घ्या, ड्रॉइंग काढा, मापं टाका. दोन संध्याकाळींचं काम आहे. एक स्वच्छ पान तयार झालं की जोडायला तुमच्याकडे वस्तू आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण हे ड्रॉइंगचं एक पान कसं तयार करायचं, मापं कुठून टाकायची आणि टॉलरन्स म्हणजे काय, ते पाहू. येताना ज्याला जमेल त्याने व्हर्नियर आणावा.